आईसाठी दीड लिटरची इलेक्ट्रिक केटल घ्यायची आहे. एलिमेंट आणि बॉडी कोणती सुरक्षित? सर्व्हिस कोणाची बरी?

मी घरगुती उपकरणं दुरुस्त करतो. माझं मत असं, की आतून एकसंध स्टील, बाहेरून प्लॅस्टिकचं आवरण आणि तळाच्या पत्र्याखाली झाकलेलं एलिमेंट असलेली केटल घ्या. निव्वळ स्टीलची बॉडी बाहेरूनही सडकून तापते, आईंच्या हाताला चटका बसेल. पाण्याची पातळी दाखवणारी काचपट्टी शक्यतो नको. तिचा सांधा पुढे झिरपू लागतो आणि ते पाणी थेट खालच्या विजेच्या बेसवर उतरतं. आतलं स्टील 304 असल्याचं खोक्यावर लिहिलेलं असेल तर उत्तम.

खरी सुरक्षितता मात्र दोन कटऑफमध्ये असते. पहिला वाफेवर चालतो. झाकणाजवळच्या फटीतून वाफ स्विचपाशी जाते, तिथली द्विधातूची चकती तापून वाकते आणि खटका पडतो. म्हणूनच झाकण उघडं राहिलं तर पाणी उकळतच राहतं. दुसरा कटऑफ तळाशी असतो. पाणी आटलं किंवा केटल रिकामीच चालू झाली तर तो पुरवठा तोडतो. माहितीपत्रकात ‘ड्राय बॉइल प्रोटेक्शन’ लिहिलेलं नसेल तर ती केटल घेऊच नका. घरी आणल्यावर अर्धा लिटर पाणी झाकण लावून उकळा. खळखळ सुरू झाल्यावर थोड्याच वेळात खटका पडला पाहिजे. मिनिट उलटूनही पडला नाही, तर लगेच बदलून घ्या. दुसरा कटऑफ मात्र मुद्दाम रिकामी केटल तापवून तपासू नका.

आता घरचा पॉइंट पाहा. दीड लिटरची केटल बहुधा 1500 वॉटची असते. 1500 भागिले 230 म्हणजे साधारण साडेसहा अँपिअर, आणि पंख्या-दिव्याच्या बोर्डावरचा छोटा सॉकेट 6 अँपिअरचा. रोजच्या वापरात तो तापून काळा पडतो. त्यामुळे 16 अँपिअरचा, अर्थिंग असलेला पॉइंट हवा. एक्स्टेन्शन बोर्ड नको. आयएसआय चिन्हाखालचा CM/L क्रमांक BIS Care अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना खरा आहे का ते कळतं.

केटलचं एलिमेंट तळाच्या पत्र्यालाच पक्कं जोडलेलं असतं. ते गेलं की बहुतेक वेळा अख्खी केटलच बदलावी लागते. त्यामुळे सर्व्हिस म्हणजे वॉरंटीत बदली किती सहज मिळते आणि बेस सुटा मिळतो का, एवढंच. फिलिप्स, बजाज, हॅवेल्स, प्रेस्टीज यांपैकी कोणतीही चालेल, पण आधी आईंच्या गावाचा पिनकोड कंपनीच्या साइटवर टाकून जवळचं केंद्र पाहा, आणि तिथे फोन करून बेसबद्दल विचारा. फोन उचललाच नाही, तर त्या गावापुरती ती कंपनी बाद समजा.

आणि आईंना सांगा, दूध किंवा चहा त्यात उकळायचा नाही. दूध तळाला धरतं, उतू जातं आणि वाफेच्या वाटेत शिरून पहिला कटऑफच निकामी करतं.