संदर्भसूची वाढवायला मुलाखती काढू नका

‘माझी मुलगी सांगलीत एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंध हरिपूरच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांवर आहे. तिने 9 पेववाल्यांच्या मुलाखती घेतल्या, एका अधिकाऱ्याला मेल करून माहितीही मागवली. पण एपीए पद्धतीत हे संदर्भसूचीत येत नाही म्हणते. तिच्या सूचीत जेमतेम 14 नोंदी, मैत्रिणीच्या 40! मी सांगितलं, मुलाखती काढ आणि इंटरनेटवरचे लेख घाल. पुढे नेट आणि पीएचडी करायची आहे. तुम्ही तिला समजवा.’ — एक वडील, सांगली

तिला काय समजवू? तिचं बरोबर आहे. मला काळजी वाटली ती तुमच्या एका वाक्याची: ‘मुलाखती काढ.’ पोरगी उन्हातान्हात हरिपूरला जाऊन नऊ माणसांशी बोलली. तेवढाच भाग त्या प्रबंधात दुसरीकडे कुठे मिळणार नाही, आणि तोच काढायला तुम्ही सांगताय, कारण मैत्रिणीची यादी लांब आहे. न वाचलेले लेख सूचीत घुसवले, तर तोंडी परीक्षेत ‘या लेखात काय म्हटलंय?’ एवढ्या एका प्रश्नावर ती अडकेल. कृपा करून हा आग्रह सोडा.

नेट-सेटचं म्हणाल तर प्रबंध देऊन झाला की अभ्यासाला लागू दे. पहिल्या पेपरात संशोधन पद्धतीवर प्रश्न असतातच.

आता मूळ गैरसमज. सूचीत नाही म्हणजे आधारच नाही, असं तुम्ही धरून चाललात. एपीएची संदर्भसूची वाचकासाठी असते: नोंद वाचून त्याला तो मजकूर स्वतः शोधून काढता आला पाहिजे. अधिकाऱ्याचा मेल तुमच्या मुलीच्या इनबॉक्समध्ये आहे. कोल्हापूरचा वाचक तो कसा उघडणार? म्हणून असा मेल, फोनवरचं बोलणं, रेकॉर्ड न झालेलं व्याख्यान यांचा उल्लेख फक्त मजकुरात, त्या वाक्यापाशीच करायचा. आद्याक्षरं, आडनाव, ‘personal communication’ हे शब्द आणि शक्य तितकी नेमकी तारीख. प्रबंध इंग्रजीत असेल तर असं दिसेल:

```
(A. B. Surname, personal communication, March 14, 2024)
```

नाव वाक्यातच आलं असेल तर बाकीचं त्याच्यापुढे कंसात. सूचीत काहीही नाही.

मात्र तिनं आधी तो मेल पुन्हा वाचावा. अधिकाऱ्यानं दिलेले आवकेचे आकडे बाजार समितीच्या छापील वार्षिक अहवालात असतील, तर मेलचा उल्लेख न करता अहवाल मिळवून तोच सूचीत द्यायचा. वाचकाला मिळू शकणारं साधन असताना खाजगी मेलवर भागवायचं नसतं. अहवालात नसलेलं काही त्यांनी स्वतःच्या अनुभवावरून लिहिलं असेल, तेवढ्यासाठी मेल.

नऊ मुलाखतींना मात्र हा नियमच लागू नाही, आणि इथं गाइडसुद्धा कधी कधी गल्लत करतात. पेववाले तिच्या अभ्यासातले सहभागी आहेत, त्यांचं बोलणं ही तिची आधारसामग्री. त्यांच्यापुढे ‘personal communication’ लिहायचं नाही, सूचीतही घालायचं नाही. समजा, एकजण म्हणाला, ‘पेव उघडलं की लगेच आत उतरत नाही, आतली कोंडलेली हवा आधी जाऊ देतो.’ हे वाक्य अवतरणात द्यायचं आणि पुढे ‘सहभागी 4’ किंवा बदललेलं नाव लिहायचं. नऊजण कसे निवडले, कुठल्या महिन्यात आणि किती वेळ बोलली, हे संशोधन पद्धतीच्या प्रकरणात येईल, प्रश्नावली परिशिष्टात. या मुलाखती खरं तर तिथं दिसतात. परीक्षकही त्या तिथंच शोधतो.

काहीजण सुचवतील की रेकॉर्डिंग ड्राइव्हवर टाकून लिंक सूचीत दे. फक्त गाइडला उघडणारी लिंक वाचकाच्या कामाची नाही. सगळ्यांना खुली केली, तर ज्यांना नाव झाकायचा शब्द दिला त्यांचा आवाज चव्हाट्यावर येतो. व्यापाऱ्यानं विश्वासानं भाव आणि उधारी सांगितली असेल, तर त्याचं नुकसान होईल. एखाद्यानं पूर्वी वर्तमानपत्राला मुलाखत दिली असेल, तर ती गोष्ट वेगळी: ती छापलेली आहे, म्हणून वर्तमानपत्रातल्या लेखासारखी सूचीत जाते.

14 नोंदी खऱ्या आणि वाचलेल्या असतील तर 14 राहू द्या. तिनं या आठवड्यात एक फोन करावा, त्या अधिकाऱ्यांना: ‘सर, प्रबंधात तुमच्या नावानं हे लिहिलं तर चालेल ना?’ ते नको म्हणाले, तर नाव घालू नये आणि ती माहिती दुसऱ्या छापील साधनात मिळते का ते पाहावं.