एक तासाची साखर 186, बाकी दोन ठीक. तरी गरोदरपणातला मधुमेह?

प्रश्न: 26वा आठवडा चालू आहे. 75 ग्रॅम ग्लुकोजच्या तपासणीत उपाशीपोटी 88, एका तासाने 186 आणि दोन तासांनी 141 आली. एकच आकडा जास्त आहे, गोडही मी फारसं खात नाही. मग मधुमेह कसा? तपासणी चुकली असेल का?

उत्तर: गोड खाण्याचा दोष मनातून काढून टाका. वार वाढते तशी ती प्लॅसेंटल लॅक्टोजेन, वाढीचं संप्रेरक आणि प्रोजेस्टेरॉन जास्त सोडू लागते, आईचं कॉर्टिसॉलही वाढतं. या सगळ्यामुळे आईचे स्नायू इन्सुलिनला कमी दाद देतात आणि रक्तातली साखर बाळासाठी जास्त वेळ शिल्लक राहते. हे प्रत्येक गरोदर बाईत होतं आणि साधारण विसाव्या आठवड्यानंतर जोर धरतं, म्हणून तपासणी 24 ते 28 आठवड्यांत ठेवतात. बहुतेकींचं स्वादुपिंड दुप्पट किंवा त्याहूनही जास्त इन्सुलिन तयार करून हा ताण भरून काढतं. ज्यांची ती राखीव ताकद कमी पडते, त्यांची साखर चढते. ताकद किती हे बरंचसं आनुवंशिकता, वय आणि वजनावर ठरतं, पण यातलं काहीच नसलेल्या बायकांनाही हा त्रास होतो.

तुमच्या आकड्यांचा अर्थही इथेच लागतो. उपाशीपोटीची साखर रात्रभर यकृत किती साखर सोडतं त्यावर ठरते; एका तासाची साखर मात्र एकदम आलेला लोंढा इन्सुलिन किती लवकर आवरतं ते दाखवते. तुमचं इन्सुलिन पुरतंय, पण उशिरा. 75 ग्रॅमच्या पद्धतीत मर्यादा उपाशीपोटी 92, एका तासाला 180 आणि दोन तासांना 153 मिग्रॅ प्रति डेसीलिटर अशा आहेत, आणि तीनपैकी एक आकडा जरी मर्यादेला पोहोचला तरी निदान होतं. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या ‘हापो’ या मोठ्या अभ्यासात आईची साखर वाढेल तसं बाळाचं वजन आणि इतर धोके सलग वाढत गेलेले दिसले. ‘इथून पुढे धोका’ अशी ठळक रेघ कुठेच नव्हती. म्हणजे 180 ही रेघ माणसांनी एकमताने ओढलेली आहे. 100 ग्रॅम ग्लुकोजची तीन तासांची पद्धत जिथे वापरतात, तिथे निदानाला दोन आकडे जास्त यावे लागतात.

आता तपासणी चुकली का ते पाहू. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवण हवं, दिवसाला किमान 150 ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील असं. तपासणीच्या धास्तीने भात-पोळी बंद केली असेल तर आकडे उलट वाढतात, कारण कर्बोदकांची सवय मोडलेलं शरीर अचानक आलेली साखर नीट हाताळत नाही. तुम्ही असं केलं असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. बाळाच्या फुफ्फुसांसाठी नुकतंच स्टेरॉइडचं इंजेक्शन झालं असेल किंवा ताप असेल, तरी आकडे फुगतात.

त्या दिवशी रात्रीपासून 8 ते 12 तास उपास, फक्त पाणी चालतं. पहिलं रक्त घेतल्यावर 75 ग्रॅम ग्लुकोज 250 ते 300 मिली पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत संपवायचं. घड्याळ पहिल्या घोटापासून धरतात, शेवटच्या नव्हे. अर्धा तास घोटघोट पीत बसलं तर एका तासाच्या आकड्याला अर्थच उरत नाही. मधल्या वेळात बसून राहायचं. फेऱ्या मारल्या की स्नायू साखर ओढतात आणि आकडा खोटा खाली येतो. उलटी झाली तर तपासणी तिथेच थांबवून दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी.

लॅबमधली चूक बहुधा उलट्या दिशेने होते. नळीतल्या रक्तपेशी साखर खातच राहतात, त्यामुळे साध्या तापमानाला तासाला 5 ते 7 टक्के साखर घटते. राखाडी झाकणाच्या फ्लोराइड नळीतही पहिला तासभर ही घट पुरती थांबत नाही. खरी साखर 94 असेल आणि नळी तासभर तशीच पडून राहिली, तर रिपोर्टमध्ये 88 येऊ शकते. नळी बर्फात ठेवून अर्ध्या तासात प्लाझ्मा वेगळा केला तर हा घोळ होत नाही. थोडक्यात, नमुन्याला उशीर झाला असेल तर तुमची 186 खरी त्याहून जास्त असेल, कमी नाही.

पडताळणी म्हणून घरच्या ग्लुकोमीटरवर किंवा लाल पेशींना चिकटलेली साखर मोजणाऱ्या एचबीए1सी तपासणीवर जाऊ नका. मीटरमध्ये 10-15 टक्क्यांचा फरक सहज पडतो. गरोदरपणात लाल पेशी लवकर बदलतात, म्हणून एचबीए1सी खोटं कमी दिसतं. लोह कमी असेल तर तेच खोटं वाढतं. मीटरचा उपयोग पुढे आहे, आहार बदलल्यावर रोजची साखर पाहायला. तिथे जेवणानंतर एका तासाला 140 च्या आत आणि उपाशीपोटी 95 च्या आत हे लक्ष्य ठेवतात.

वार बाहेर पडली की तिची संप्रेरकंही जातात आणि साखर बहुधा लगेच उतरते. तरी बाळंतपणानंतर 6 ते 12 आठवड्यांत हीच 75 ग्रॅमची तपासणी पुन्हा करायची असते. तेव्हा मर्यादा नेहमीच्या असतात, उपाशीपोटी 126 आणि दोन तासांना 200, आणि एका तासाचं रक्त घ्यायची गरज नसते.