दुकाने सहाशे, वर्षे तीनच: फिक्स्ड इफेक्ट्सचा सहगुणक उणे का येतो?

प्रश्न: मुंबईतल्या ६०० किराणा दुकानांची सलग तीन वर्षांची विक्री (लॉगमध्ये) माझ्याकडे आहे. गेल्या वर्षीची विक्री घालून फिक्स्ड इफेक्ट्स चालवले, तर तिचा सहगुणक –०.२ येतो. इतकी दुकाने असूनही असे का?

उत्तर: आपल्या आकडेमोडीत चूक असेलच असे नाही, कारण तीन वर्षांच्या माहितीवर हा सहगुणक उणेच येणे अपेक्षित आहे. फिक्स्ड इफेक्ट्समध्ये प्रत्येक दुकानाची स्वतःची सरासरी वजा होते आणि दादरच्या गजबजलेल्या पेठेतल्या दुकानाचा कायमचा फायदा त्यामुळे निघून जातो. पण त्या सरासरीत इतर वर्षांचे योगायोगाचे धक्केही मिसळलेले असतात. तीन वर्षे असतील तर ही वजाबाकी म्हणजे साधा फरकच होय. y0, y1, y2 ही तीन वर्षांची विक्री, e1 आणि e2 हे मधल्या व शेवटच्या वर्षाचे धक्के, σ² हा धक्क्यांचा व्हेरियन्स आणि ρ हा गेल्या वर्षीच्या विक्रीचा खरा सहगुणक धरला, तर:

```
y2 − y1 = ρ(y1 − y0) + (e2 − e1)
```

मधल्या वर्षी, समजा, दुकानासमोरचा रस्ता खोदल्यामुळे विक्री घसरली, तर तो धक्का e1 उजवीकडच्या y1 मध्ये अधिक चिन्हाने आणि त्रुटीत उणे चिन्हाने येतो. म्हणून चल आणि त्रुटी यांचा कोव्हेरियन्स –σ² होतो. विक्रीची प्रक्रिया स्थिरावलेली असेल, तर y1 − y0 चा व्हेरियन्स 2σ²/(1+ρ) असतो. भागाकार केल्यास अभिनती –(1+ρ)/2 आणि अंदाज (ρ−1)/2 मिळतो, जो ρ एकाहून कमी असताना नेहमीच उणे असतो. आपल्या –०.२ मागे खरा ρ सुमारे ०.६ असावा.

या भागाकारात दुकानांची संख्या कुठेच नाही, त्यामुळे ६०० ऐवजी ६० हजार दुकाने घेतली तरी उत्तर त्याच चुकीच्या जागी अधिक नेमकेपणाने स्थिरावेल. स्टीफन निकेल यांनी १९८१ मध्ये या अभिनतीची सूत्रे मांडली. फरक पडतो तो वर्षांनी: ρ ०.६ असताना सहा वर्षांच्या माहितीवर अंदाज सुमारे ०.२४ आणि अकरा वर्षांच्या माहितीवर सुमारे ०.४२ येतो. म्हणजे दशकभराची माहितीही मला पुरेशी वाटत नाही.

अँडरसन आणि शाओ यांचा मार्ग आपल्याकडच्या तीन वर्षांतही चालतो. y1 − y0 साठी y0 हे साधनचल घ्यावे, कारण y0 चा e1 आणि e2 या दोहोंशी संबंध नसतो. मात्र धक्के एका वर्षातून दुसऱ्यात झिरपत असतील, तर हे गृहीतक कोसळते, आणि ते तपासणारी अरेलानो-बाँड यांची दुसऱ्या क्रमाची चाचणी किमान पाच वर्षांची माहिती मागते. ρ एकाच्या जवळ असेल, तर y0 वरून पुढच्या वाढीचा फारसा अंदाज येत नाही. साधनचल दुबळे पडते.

पडताळणीसाठी सरळ ओएलएस चालवून पाहावे. त्यात दुकानाचा कायमचा फायदा गेल्या वर्षीच्या विक्रीच्या नावावर जमा होतो आणि अंदाज वर सरकतो. साधनचलाचा अंदाज या आकड्याच्या आणि –०.२ च्या दरम्यान पडला नाही, तर त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही.