इंट्राडे, स्विंग की लाँग टर्म: एक लाखाचा हिशोब

"नोकरी दहा ते सहा. एक लाख बाजूला ठेवलेत. इंट्राडे करू, स्विंग की लाँग टर्म? इंट्राडेला चार्जेस कमी लागतात म्हणे."

एका सौद्यापुरतं ते खरं आहे. डिस्काउंट ब्रोकरकडे एक लाखाचे शेअर सकाळी घेऊन दुपारी विकले, तर दोन्ही ऑर्डरींचे २०-२० रुपये ब्रोकरेज, विक्रीवर ०.०२५ टक्के म्हणजे २५ रुपये एसटीटी हा सौद्यावरचा सरकारी कर, वर स्टँप ड्युटी, एक्स्चेंजचे चार्जेस, जीएसटी. सगळे मिळून ८० च्या आसपास. तेच शेअर स्विंगसाठी डिलिव्हरीत, म्हणजे डीमॅट खात्यात घेऊन आठवड्याने विकले तर एसटीटी दोन्ही बाजूंना ०.१ टक्का, म्हणजे २०० रुपये. ब्रोकरेज शून्य धरलं तरी डीमॅटमधून विकताना लागणारे डीपी चार्जेस वगैरे धरून २४० होतात.

आता वर्षाचा हिशोब करा. इंट्राडेवाला रोज दोन सौदे करतो, बाजार साधारण २४५ दिवस चालू असतो. झाले ३९ हजार! एक लाखावर ३९ टक्के कमावले की मग कुठे ना नफा ना तोटा होणार. महिन्याला तीन स्विंग केलेत तर वर्षाला साडेआठ हजार जातात, तेही काही थोडे नाहीत. लाँग टर्मला एकदाच २४०. सेबीच्या अभ्यासात २०२२-२३ मध्ये शेअर बाजाराच्या कॅश विभागात इंट्राडे करणाऱ्या दर दहांतले सात जण तोट्यात निघाले, याचं मला तरी नवल वाटलं नाही.

वेळेचं म्हणाल तर तुमच्या नोकरीत इंट्राडे बसतच नाही. सव्वानऊ ते साडेतीन स्क्रीनसमोर बसावं लागतं, मीटिंगमधून चोरून मोबाइल बघून ते होत नाही. स्विंगला रात्री अर्धा तास चार्ट बघून जीटीटी, म्हणजे ठरल्या भावाला आपोआप जाणारी ऑर्डर, लावून ठेवता येते. फक्त एक ध्यानात ठेवा: शेअर गॅप-डाऊन, म्हणजे आदल्या दिवसाच्या भावापेक्षा बराच खाली उघडला आणि भाव तुमच्या लिमिटच्या खालीच राहिला, तर जीटीटी ट्रिगर होते पण माल विकला जात नाही. संध्याकाळी ऑर्डर बुक बघायचीच.

स्वभाव मात्र आधी कळत नाही, तो तोट्यात कळतो. मी सुरुवातीला एक शेअर इंट्राडेला घेतला. दोन टक्के पडला, स्टॉपलॉस काढून टाकला आणि तीनच्या सुमारास पोझिशन डिलिव्हरीत कन्व्हर्ट केली. आठवडाभर "स्विंग आहे" म्हणत होतो, नंतर "कंपनी चांगली आहे, लाँग टर्म ठेवू". अकरा महिन्यांनी ४० टक्के तोट्यात विकला. त्या कंपनीचा ताळेबंद मी एकदाही उघडला नव्हता.

म्हणून तुम्ही ८० हजार लाँग टर्मला ठेवा, २० हजारांत सहा महिने स्विंग करा. प्रत्येक सौद्याआधी वहीत लिहा: कशासाठी घेतला, किती पडला की विकणार. सहा महिन्यांनी मोजा, ठरल्या भावाला किती वेळा विकलात. निम्म्याहून कमी वेळा असेल तर ते २० हजारही लाँग टर्मलाच टाका.