काकांचा कान, काकूंचा कान

“मॅडम, कानात मळ घट्ट बसलाय. पाण्यानं धुवून घेऊ, का ते मशीननं ओढून काढतात तसं करू? धुताना पडदा फाटतो म्हणतात. आणि मशीननं तर आहे ते ऐकायला येणंही जातं म्हणे.”

सोलापुरात कान-नाक-घशाच्या दवाखान्यात समुपदेशनाला बसते, त्यामुळे हे वाक्य थोड्याफार फरकानं माझ्या कानावर पडतच असतं. उत्तर मळावर नाही, माणसावर अवलंबून असतं. म्हणून एका जोडप्याची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

काकांचं आयुष्य यंत्रमागावर चादरी विणण्यात गेलं. साठी ओलांडलेली, मधुमेह जुना. दोन्ही कान मळानं बंद. सोबत काकू, त्यांचाही एक कान बंद. डॉक्टरांनी तपासायला बोलावलं की काका खुर्चीवरून उठायचे आणि सरळ बाहेर जायचे. सून वैतागलेली. “लहान पोरागत करतेत,” म्हणाली. म्हणून त्यांना माझ्याकडे धाडलं.

भीतीवर मी “काही होत नाही” असं कधीच म्हणत नाही. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीतली. भीतीला थोपटायचं नाही, तिची उलटतपासणी घ्यायची, असं मानणारी. म्हणून विचारलं, “काका, नेमकं काय होईल असं वाटतं?”

“चक्कर येईल.”

“आधी आली होती?”

“आली की! मागं एके ठिकाणी धुतला होता कान. नळाचंच पाणी पिचकारीत भरलं. सगळी खोली गरगर फिरली. वकलो.”

चक्कर का आली हे मला ठाऊक होतं. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या नळ्या असतात. कानात पडणारं पाणी शरीरापेक्षा गार किंवा गरम असलं की त्या नळ्यांतला द्रव हलतो आणि डोकं फिरतं. म्हणून धुण्याचं पाणी अंगाच्या तापमानाचं, म्हणजे सुमारे ३७ अंश सेल्सिअस लागतं. हे सांगितल्यावर काका जरा सैल झाले. इथेच थांबले असते तर “कोमट पाणी घेऊ” म्हणून प्रकरण मिटलं असतं. पण उलटतपासणी अर्धी सोडायची नसते.

“चक्कर सोडून आणखी काय झालं होतं?”

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “ते पाणी घशात आलं. कडवट लागलं. त्यांना सांगितलं तर म्हणाले, घाबरलाय तुम्ही, कानातलं पाणी घशात कसं येईल?”

मी पेन खाली ठेवलं. कानाच्या नळीतलं पाणी घशात उतरायला एकच वाट आहे. पडद्याला भोक असेल तर पाणी मधल्या कानात शिरतं आणि तिथून घशाकडे जाणाऱ्या नलिकेनं खाली येतं. पडदा धड असेल तर ते येऊच शकत नाही.

“त्यानंतर कान वाहिला?”

“वाहिला की, बरेच दिवस. तसा तो ल्हानपणीपण वाहायचा. गावाकडं अक्कलकोटच्या बाजूला विहिरीत पोहलो की वाहायचाच. आई तेल टाकायची.”

डॉक्टरांच्या कागदावर “कानाचा जुना आजार – नाही” असं लिहिलेलं होतं. काका खोटं बोलले नव्हते. पडद्याला भोक आहे का, असं विचारलं तर कुणीही नाही म्हणेल. आपल्या कानाचा पडदा कुणी पाहिलाय? पण “कान कधी वाहिला होता का?” म्हटलं की अर्धं सोलापूर हो म्हणतं. तेव्हापासून आमच्या फॉर्मवर हाच प्रश्न आहे, आणि तो मी घातला याचा मला थोडा अभिमान आहे.

म्हणजे काका पाण्याला घाबरत होते ते बरोबरच होतं. त्यांचा अनुभव खरा होता, फक्त त्याचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नव्हता. हे मी त्यांना तसंच सांगितलं. मग ते सुनेकडे वळून म्हणाले, “बघ, मी म्हणत होतो ना!”

त्यांच्या कानात पाणी घालायचं नाही हे ठरलं. पाणी मधल्या कानात गेलं की जंतूही सोबत जातात. शिवाय मधुमेह. कानाच्या नळीची नाजूक त्वचा खरचटून ओली राहिली तर मधुमेही माणसात संसर्ग हाडापर्यंत पोचू शकतो, आणि ते फार वाईट दुखणं. मळ मऊ करायचे नेहमीचे थेंबही त्यांना डॉक्टरांनी दिले नाहीत, कारण तेही भोकातून आत जाणार.

राहिलं मायक्रोसक्शन. त्यात डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून कानात बघत बघत बारीक नळीनं मळ ओढून घेतात. पाणी नाही, आणि नळीचं टोक कुठे आहे ते सतत दिसतं. म्हणून फुटका पडदा किंवा कानाचं जुनं ऑपरेशन असलेल्यांना हेच बरं. पण यालाही मर्यादा आहेत. आवाज मोठा येतो, नळी कानातच असते ना. क्वचित काही वेळ कानात गुंई राहते. हवा ओढली जाऊन कान गार पडतो, तेव्हा थोडी गरगरही येते. मान स्थिर ठेवावी लागते, त्यामुळे हलणाऱ्या लेकराला अवघड. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं, कारण जरा खरचटलं तरी रक्त येतं.

ऐकणं जाईल या भीतीचं उत्तर मी आश्वासनानं दिलं नाही. ती नळी त्यांच्या कानाबाहेर धरून चालू करायला लावली. काका हसले. “एवढंच होय? माग याच्यापेक्षा ओरडतो.” तरीही हात वर केला की डॉक्टर थांबतील असं ठरवून घेतलं. त्यांनी एकदा हात वर केला, डॉक्टर थांबले. मळ दगडासारखा, म्हणून थोडा आकड्यानं काढला, उरलेला पुढच्या वेळी. मळ निघाल्यावर पडद्यावरचं भोक स्पष्ट दिसलं. ऐकू येणं सुधारलं, पण पूर्ण नाही. तपासणीत मागाच्या आवाजानं झालेली बधिरताही निघाली. ती मळासोबत जाणारी नव्हती.

काकूंचं मात्र पाण्यानंच झालं. कान कधी वाहिला नाही, ऑपरेशन नाही, मधुमेह नाही, दुसरा कान चांगला. त्यांना काही दिवस मळ मऊ करायचे थेंब दिले. मग कोमट पाण्याची हलकी धार, पडद्यावर सरळ नाही, नळीच्या वरच्या-मागच्या भिंतीवर. पाणी मळाच्या मागं जातं आणि मळाला बाहेर ढकलतं. दुखलं तर लगेच थांबायचं, शेवटी कान कोरडा करायचा. तपकिरी गोळी ट्रेमध्ये पडली तेव्हा काकू म्हणाल्या, “हे माझ्यातनं निघालं?”

धुणं वाईट आणि मशीन चांगलं असं लोक धरून बसतात, ते मला पटत नाही. पडदा धड आणि कान निरोगी असेल तर नीट केलेलं धुणं पुरेसं असतं आणि स्वस्तही पडतं. कान वाहिलेला असेल, ऑपरेशन झालं असेल, एकाच कानानं ऐकू येत असेल, कानात आत्ता दुखणं असेल किंवा मागच्या धुण्यात त्रास झाला असेल, तर पिचकारी बघताच आधी ते सांगा. जन्मतः टाळू फाटलेली असेल, टाके घालून बरी झाली असली तरी, तेही सांगा. आणि कानात हरभरा, शेंगदाणा असलं काही अडकलं असेल तर पाणी नकोच, ते फुगतं.

काकांच्या फाईलवर डॉक्टरांनी लाल पेनानं ‘पाणी नको’ लिहिलंय. सुनेनं त्याचा फोटो काढून घेतलाय, कारण दुसऱ्या दवाखान्यात आमची फाईल कुणी बघणार नाही.