कॅन्सलेशन रेट एका आठवड्यात कसा चढला?

«गेल्या आठवड्यात तीनच ऑर्डर रद्द केल्या, त्यांतल्या दोन तर ग्राहकांनीच सांगितल्या म्हणून. तरी पॅनेलवर लाल खूण आली आहे. हे कशामुळे? मेसेजला उशीर झाला तर त्याचाही फटका बसतो का?»

छत्रपती संभाजीनगरात हिमरू शालींचे दुकान सांभाळून मी ऑनलाइन विक्री करतो आणि नेमका हाच घोळ मी तीन वर्षांपूर्वी घातला होता. तुम्ही कोणत्या ऑनलाइन बाजारपेठेवर विकता ते तुम्ही सांगितलेले नाही. खालचे नियम ॲमेझॉनचे आहेत, इतरत्र आकडे वेगळे असू शकतात.

विक्रेत्याने पाठवणीआधी रद्द केलेल्या ऑर्डरी सात दिवसांच्या एकूण ऑर्डरींच्या २.५ टक्क्यांच्या आत राहाव्या लागतात. माझ्या त्या आठवड्यात ५२ ऑर्डरी होत्या. एक शाल दुकानात गिऱ्हाइकाने उचलली आणि पॅनेलवरचा साठा कमी करायचे राहून गेले. ती चूक माझीच, पण एकटी असती तर दर १.९ टक्केच झाला असता. उरलेल्या दोन ग्राहकांनी मेसेज पाठवून नकार कळवला आणि मी भलेपणाने त्या स्वतःच रद्द केल्या. दर गेला ५.८ वर. ग्राहकाने स्वतःच्या खात्यातल्या ऑर्डरीवरून रद्द करण्याची विनंती पाठवली, तरच ते रद्द करणे आपल्या दरात धरले जात नाही. मेसेजमधली विनंती विक्रेत्याच्याच माथी बसते, हे मला कोणी सांगितले नव्हते.

मदतकक्षाला मी विचारले की कोणत्या ऑर्डरी मोजल्या, तर तीन वेळा तेच ठरावीक उत्तर आले, एकाही ऑर्डरीचा क्रमांक त्यात नव्हता. शेवटी रिपोर्ट उतरवून घेऊन एकेक ओळ मीच तपासली. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा, फोनवर दिवस घालवू नका.

आता माझी रीत अशी आहे. नकाराचा मेसेज आला की लगेच नम्रपणे लिहितो, «कृपया आपल्या ऑर्डरीवरून रद्द करण्याची विनंती पाठवा.» पाठवणीच्या वेळेपर्यंत विनंती आली नाही, तर माल पाठवून देतो. तो परत आल्यास येण्याजाण्याचा खर्च अंगावर येतो, पण रद्द करण्याचा दर वाढत नाही; स्वस्त मालाला हा हिशेब जमेलच असे नाही, तो तुम्ही मांडून पाहा.

मेसेजच्या उशिराचा फटका इथेच बसतो. उत्तराची मुदत २४ तासांची असते आणि त्यात रविवारही धरला जातो. शनिवारी संध्याकाळचा नकार तुम्ही सोमवारी वाचलात, तर ग्राहकाला ऑर्डरीवर पाठवायला वेळच उरत नाही. ज्या मेसेजला उत्तर नको असते, उदाहरणार्थ नुसते आभार, त्यावर No Response Needed ही खूण करावी, नाहीतर तोही उशिरात मोजला जातो.

राहिला साठा. पाच नग असतील तर पॅनेलवर मी तीनच दाखवतो आणि सणासुदीला गावी जाताना ऑर्डरी रद्द करत बसण्यापेक्षा आधीच सुट्टीची सेटिंग लावून ठेवतो.