‘आपल्याला परवडत नाही’: नेमकं कोणाला?

प्रश्न: बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं वर्कशॉप आहे. पॅकिंगच्या लाकडी पेट्यांसाठी कोल्हापूरच्या एका व्हेंडरनं प्रस्ताव पाठवला होता. त्याला नकार कळवायचाय. ऑफिसातल्या सहकाऱ्यानं मजकूर केलाय, त्यांची घरची भाषा कन्नड. भाषा तेवढी सुधारून द्या, पण नकार आहे तेवढाच राहू दे, साहेबांनी तो मंजूर केलाय. मजकूर असा: “आपण पाठवलेलं प्रस्ताव पाहिलं. पण आपल्याला हे दर परवडत नाही. तरी आपल्याकडून सध्या पेट्या घेऊ शकत नाही. कृपया याबाबत पुन्हा फोन करू नये ही विनंती.”

उत्तर: यातली सगळ्यात महागात पडणारी चूक दुसऱ्या वाक्यात आहे. मराठीत ‘आपण’ म्हणजे आदरार्थी तुम्ही, आणि ‘आपण’ म्हणजे ऐकणाऱ्यालाही धरून आम्ही. समोरच्याला वगळायचं असेल तर ‘आम्ही’च लागतं. कन्नडमध्ये हा भेद नाही, ‘नावु’ दोन्हीकडे चालतं. म्हणून बेळगाव-खानापुरात कन्नड घरातलं माणूस चांगलं मराठी बोलत असलं तरी इथं हमखास अडखळतं. पहिल्या वाक्यातला ‘आपण’ व्हेंडर आहे. त्याला लागूनच ‘आपल्याला परवडत नाही’ आलं, की व्हेंडर वाचणार: तुमचेच दर तुम्हाला परवडत नाहीत. पेट्या विकणाऱ्याला हे सांगणारे आपण कोण! ‘आम्हाला’ केलं की काम झालं. नकाराचा जोर रतीभरही हलत नाही.

‘पाठवलेलं प्रस्ताव पाहिलं’ हेही त्याच वाटेनं आलंय. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, मराठीत प्रस्ताव पुल्लिंगी. ‘पाठवलेला प्रस्ताव पाहिला’ करा.

‘दर परवडत नाही’चा दोष मात्र कन्नडवर ढकलू नका, तो पुण्यातही होतो. ‘दर’ शब्द एकवचनात आणि अनेकवचनात सारखाच दिसतो. इथं ‘हे दर’ अनेक आहेत, म्हणून ‘परवडत नाहीत’. आणि हे दुरुस्त करण्याच्या भरात पुढचंही ‘आम्ही घेऊ शकत नाहीत’ करून ठेवू नका. ‘ते नाहीत’, पण ‘आम्ही नाही’.

‘तरी’ची गंमत वेगळी आहे. अर्जात शेवटी ‘तरी कृपया रजा मंजूर व्हावी’ लिहायची आपल्याला सवय असते. तिथं पुढं विनंती असते, म्हणून ते शोभतं. इथं पुढं निर्णय आहे, त्यामुळं ‘तरी’ वाचताना ‘तरीसुद्धा’कडे कलतं आणि कारणाचा धागा तुटतो. ‘त्यामुळे’ घाला. याच वाक्यात कर्ताही नाही. बोलताना चाललं असतं, पण ‘आपल्याकडून’ला लागून ‘आम्ही’ हवंच.

शेवटच्या वाक्यात ‘कृपया’ आणि ‘ही विनंती’ एकच काम दोनदा करतात. ‘कृपया’ काढा, विनंती राहू द्या. दोन्ही काढलंत तर ‘पुन्हा फोन करू नये’ एवढंच उरेल, आणि ती दारावरची पाटी होईल.

आता जिथं हात लावायचा नाही ते. दर ‘परवडत नाहीत’ ही आपल्या खिशाची गोष्ट आहे. ‘जास्त आहेत’ म्हटलं की तो त्यांच्या दरांवर शेरा होतो, म्हणजे नकार कडक झाला. ‘घेऊ शकत नाही’चं ‘घेणार नाही’ केलं तरी तेच: न जमणं जाऊन न करण्याचा निश्चय आला. उलट सुरुवातीला ‘कळवण्यास खेद होतो’ चिकटवलं, किंवा शेवटी ‘पुढे नक्की विचार करू’ जोडलं, तर नकार मऊ झाला. पहिल्यात साहेबांनी न दाखवलेला खेद आहे, दुसऱ्यात न दिलेलं आश्वासन. मराठी शुद्ध करायला बसलेली माणसं हा खेद फार सढळ हातानं वाटतात.

‘सध्या’ही तसंच ठेवा. शेजारी ‘पुन्हा फोन करू नये’ असताना ते जरा विसंगत वाटतं, कबूल. एक वाक्य दार किलकिलं ठेवतं, दुसरं लावून घेतं. पण ही व्याकरणाची चूक नाही. ‘सध्या’ उडवलं तर नकार कायमचा होतो. तसा हवा असेल तर साहेबांना विचारून उडवा, दुरुस्तीच्या नावाखाली नको.

तयार मजकूर:

“आपण पाठवलेला प्रस्ताव पाहिला. पण आम्हाला हे दर परवडत नाहीत. त्यामुळे आम्ही आपल्याकडून सध्या पेट्या घेऊ शकत नाही. याबाबत पुन्हा फोन करू नये, ही विनंती.”

पाठवण्याआधी साहेबांना दोन्ही मजकूर शेजारी ठेवून दाखवा आणि एवढंच विचारा: पहिला वाचून व्हेंडर जे करेल, दुसरा वाचून त्याहून वेगळं काही करेल का? ‘हो’ म्हणाले, तर कुठला शब्द खटकला ते विचारून घ्या.